अर्ध्यावर थांबणारी बिलं

बिल अर्ध्यावर थांबलं की माझा पाय आपोआप हलायला लागायचा. तो अजूनही हलतो. बँकेत, दवाखान्यात, कुठेही समोरच्या माणसाने "सिस्टिम अडकली आहे" म्हटलं की माझी टाच जमिनीवर आपटायला लागते आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघतो. त्याला काय सांगणार? ती सवय रत्नागिरीतल्या एका किराणा दुकानात लागली, भारनियमनाच्या दिवसांत, आणि ती लागायला एकच पावसाळा पुरला.

दुकान मारुती मंदिराच्या अंगाला. तांदूळ, कडधान्य, कोकमाचं आगळ, आंबापोळी, साबण, उदबत्त्या, सगळं एका छताखाली. मालक मूळचे आंब्याचे बागायतदार. त्यांना सगळे काका म्हणायचे म्हणून मीही काका म्हणत असे. आमच्या गल्लीत कॉम्प्युटरवर बिल देणारं ते पहिलं दुकान, आणि ते कौतुक काकांचं नव्हे, त्यांच्या मुलाचं. तो बोटीवर नोकरीला होता. आधीच्या सुट्टीत त्याने कॉम्प्युटर आणवला, छोटा प्रिंटर बसवला आणि सिंगापूरहून आणलेला एक स्कॅनर काउंटरवर ठेवला. पुड्यावरच्या काळ्या रेघांवर त्याचा लाल उजेड फिरवला की 'टुक' व्हायचं आणि वस्तू बिलात चढायची. हे सगळं करून मुलगा बोटीवर निघून गेला, आणि ते चालवायला कोणीतरी हवं म्हणून मला ठेवलं.

मी मंडणगडकडची, घरची शेती. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स, मग लग्न, मुंबई, आणि दीड वर्षात सासर सोडून परत. रत्नागिरीला आत्याकडे राहायचे. गावाकडून भावाचे निरोप येत असायचे की पगार आहे तोवर राहा, नोकरी गेली की मी येऊन तुला मुंबईला पोचवून येतो. म्हणजे तो काउंटर आणि सासर यांच्यामध्ये फक्त एक स्टूल होतं, आणि त्यावर मी बसले होते.

त्या जून-जुलैत बिलं अडकायला लागली. छापता छापता प्रिंटर मधेच थांबायचा, डोकं कागदाच्या मध्यावर उभं. पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं. माउस हलायचा पण काही उघडायचं नाही, काही मिटायचं नाही. गिऱ्हाईक पिशवी धरून उभं. मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. तोवर रांग दारापर्यंत. आणि गंमत पुढेच. कॉम्प्युटर चालू झाला रे झाला की प्रिंटर स्वतःहून सुरू व्हायचा आणि मघाचंच बिल पहिल्यापासून छापायचा. त्या गडबडीत एकदा शाळेतल्या एका मास्तरांच्या हातात मी शेजारच्या बाईंचं बिल दिलं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "आमच्याकडे एवढी मेंदी लावायला कोणी नाही हो."

सगळे हसले. मी नाही हसले. मला घाम फुटला होता.

काका ओरडणारे नव्हते. ते दात कोरत विचार करायचे आणि मोजकंच बोलायचे. एक दिवस दुकान बंद करताना म्हणाले, "गणपतीपर्यंत बघू. तोवर सुधारलं तर ठीक. नाहीतर आमची पूर्वीची पद्धत बरी होती, हाताने बिल. मग तुझं इथे काही काम राहत नाही, मुली."

मी विचारलं, "काका, मशीन बिघडलंय त्याला मी काय करू?"

"मशीन मुलगा होता तेव्हा चालत होतं," ते म्हणाले.

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज दहाच्या सुमारास यायच्या आणि माझ्या समोरच्या अंगाला, साखरेच्या पोत्यांशेजारी, वेताच्या खुर्चीत वाती वळत बसायच्या. माझ्या पाठीमागे वर भिंतीला देवाची फळी होती, तिच्याकडे तोंड करून. मुलगा समुद्रात होता आणि आषाढापासून त्याचा फोन नव्हता. बंदर लागलं की करायचा, पण या वेळी फारच दिवस झाले होते. घरी त्यांची समई होतीच, आणि दुकान उघडं असेपर्यंत इथल्या देवापुढेही दिवा पाहिजे असा त्यांनी नेम धरला होता. कापूर, काड्यापेट्या, पुठ्ठ्यांची खोकी असल्या दुकानात तेलाचा दिवा काका लावू देत नव्हते, म्हणून प्लास्टिकच्या पणतीत बल्ब असलेला दिवा होता. त्यांचा जीव कुठे टांगलेला आहे हे मला कळत होतं. पण त्या मधूनच हात थांबवून माझ्याकडे असं काही बघायच्या की माझी बोटं चुकायची. माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. पाणी मागायचं तरी काकांना सांगून मागायच्या. मी मनात म्हणायचे, नको बोलू, मला तरी कुठे हौस आहे.

मग मेकॅनिक आला. पावसपासून लांज्यापर्यंतची मशिनं तो एका स्कूटरवर फिरून दुरुस्त करायचा. रेनकोट काढायचा नाही, तसाच टपटपत स्टुलावर बसायचा. त्याने मला पहिली गोष्ट शिकवली ती रांगेची.

"ताई, बिल थेट प्रिंटरकडे जात नाही. आधी एका खोलीत जाऊन बसतं, तिथून एकेक करून सोडतात. त्या खोलीच्या राखणदाराला स्पूलर म्हणायचं. एक बिल दारात अडकलं की मागची सगळी अडकली. मशीन बंद केलं तरी ती आत बसलेलीच असतात, म्हणून चालू केल्यावर जुनं बिल येतं."

त्याने राखणदाराला थांबवलं, त्या फोल्डरमधल्या अडकलेल्या फायली पुसल्या, राखणदाराला परत उभं केलं. पडद्यावर त्याची एक छोटी खूण करून ठेवली आणि तिला नाव दिलं 'झाडू'. दोनदा टिचकी मारली की खोली साफ. मला ते फार आवडलं. आता कोणाचं बिल कोणाला जाणार नव्हतं. पण अडकणं थांबलं नाही. दिवसातून चार वेळा झाडू मारायचा म्हणजे घर स्वच्छ आहे असं थोडंच? कचरा कुठून येतोय ते कोण बघणार?

मी पुन्हा फोन लावला. तो पुन्हा आला, टपटपत. या वेळी त्याने ड्रायव्हर बघितला आणि जीभ चावली. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी. आमच्या प्रिंटरची सीडी मुलाने जपून ठेवली होती, इतकी जपून की कोणाला सापडत नव्हती. मे महिन्यात कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला तेव्हा याच मेकॅनिकने त्याच कंपनीच्या मोठ्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालून वेळ मारून नेली होती. छापत होता, म्हणून कोणी बघितलं नव्हतं.

"हा मोठ्या भावाची भाषा बोलतोय," तो म्हणाला. "सारखा विचारतो, कागद आहे का, तयार आहेस का. धाकट्याकडून उत्तर आलं नाही की हा वाट बघत बसतो. तो बसला की तुमचं बिलाचं सॉफ्टवेअर पण बसलं."

बरोबर ड्रायव्हर त्याने सायबर कॅफेतून सीडीवर उतरवून आणला, जुना मुळापासून काढला आणि नवा घातला. दोन दिवस मी हवेत होते. काकांना म्हटलंसुद्धा, "बघा, माझा दोष नव्हता." घाई नडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन गर्दीत, बिल अर्ध्यावर थांबलं.

फरक एवढाच की आता वाळूचं घड्याळ आलं नाही. पडदा जिवंत होता, कोपऱ्यात 'छपाईत चूक' म्हणून सूचना आली. कॉम्प्युटर गोठत नव्हता, फक्त बिल अडकत होतं. मला तो फरक मोठा वाटत होता. काकांना नाही. त्यांच्या लेखी गिऱ्हाईक उभं ते उभंच.

"आगीतून फुफाट्यात," ते म्हणाले आणि दात कोरत आत गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. आत्याने दोनदा विचारलं, काय गं तळमळत्येस, आणि मी दोनदा तिच्यावरच खेकसले. कसला प्रिंटर आहे हा? सकाळी सुरळीत, दुपारी सुरळीत, रांग लागली की नाटकं. त्याला गर्दी कशी कळते? मी अंथरुणात पडून तेच तेच उगाळत होते.

काउंटरवर स्पीकर नव्हते. पूर्वी होते, ते काकांनी काढून ठेवले होते, दुकानात गाणी नकोत म्हणून. मी घरून वॉकमनचा इअरफोन नेला आणि कॉम्प्युटरच्या भोकात खुपसून एका कानात घातला. मशीन आतल्या आत काही बोलतं का ते ऐकायचं होतं. आणि बोलत होतं! बिल थांबलं त्याच क्षणी कानात 'टुडुंग' असा उतरता आवाज आला, लगेच आणखी एक. मग थोड्या वेळाने चढता, तोही दोनदा. मी टुणकन उडी मारली.

काकूंनी ते बघितलं. त्या काकांना म्हणाल्या, माझ्यादेखत, "आता गाणी ऐकत्ये ती. लोक ताटकळतायत आणि ही कानात घालून बसल्ये."

"गाणी नाही ऐकत, काकू. मशीन ऐकत्ये," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच होता. काकांनी हाताने गप्प राहण्याची खूण केली. मला, त्यांना नाही.

दुकानातूनच मेकॅनिकला फोन लावला. त्याने विचारलं, "एकदाच वाजतं की लागोपाठ दोनदा?"

"दोनदा. जाताना दोनदा, येताना दोनदा."

"मग नुसता प्रिंटर नाही. स्कॅनर पण सुटतोय. म्हणजे दोघं ज्याच्यावर बसलेत ती फांदीच हलत्ये."

फांदी म्हणजे यूएसबी हब. कॉम्प्युटरच्या मागे यूएसबीची दोनच तोंडं होती. त्यातलं एक आमच्या खाऱ्या हवेने गंजून मेलं होतं. उरलेल्या एकात चार तोंडांची एक पांढरी डबी लावली होती, आणि तिच्यात प्रिंटर आणि स्कॅनर. त्या डबीला स्वतःची वीज नव्हती. कॉम्प्युटरच्या त्या एका तोंडातून जेवढी येईल तेवढीच सगळ्यांनी वाटून घ्यायची. मेकॅनिकने येऊन कॉम्प्युटरच्या यादीत बघितलं. तिथे कोण किती वीज मागतं ते लिहिलेलं असतं. नावं दोन, प्रिंटर आणि स्कॅनर. प्रिंटरला भिंतीतून वेगळी वीज होती, तो इथून जवळजवळ काहीच मागत नव्हता. स्कॅनर मागत होता ते झेपण्यासारखं होतं.

"हिशोबाने पुरायला पाहिजे," तो डोकं खाजवत म्हणाला. डबी खराब असेल म्हणून त्याने तसलीच दुसरी लावली. संध्याकाळी पुन्हा टुडुंग, टुडुंग. केबल बदलली. तेच. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "आता मदरबोर्डच असणार."

काकांनी ते ऐकलं. "पुरे झालं," ते म्हणाले. गणपतीला आठवडा उरला होता. बाजारात मखरं आली होती, मुंबईकर यायला लागले होते. माझ्या डोळ्यांसमोर भावाचा चेहरा येत होता, हातात माझी बॅग घेतलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. रोजचंच. आभाळ भरलेलं, दुकानात दिवसा अंधार. इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर आणि प्रिंटर. त्यावर दुसरं काहीही लावायचं नाही हा काकांचा कडक नियम होता, पंखासुद्धा नाही. एक बाई सामान घेऊन आल्या आणि मी स्कॅनर उचलला. माझ्या समोर बिस्किटांचं काचेचं कपाट होतं. अंधारात त्या काचेत मला माझीच सावली दिसत होती आणि तिच्या डोक्यावर एक पिवळा ठिपका. मी स्कॅनरचं बटण दाबलं, ठिपका मिणमिणला. टुक झालं, ठिपका सावरला. दुसरा पुडा घेतला, पुन्हा मिणमिणला. मी त्या बाईंची साबणाची एकच वडी तीनदा फिरवली.

"अहो, मी एकच घेतल्ये," त्या म्हणाल्या.

मी मागे वळून वर बघितलं. देवापुढचा दिवा! सगळ्या गल्लीची वीज गेलेली आणि हा जळतोय कशाच्या जिवावर?

मी स्टुलावर चढले. फुलांच्या मागून एक बारीक वायर निघाली होती, फळीखालून, कॅलेंडरच्या आडून, रद्दीच्या गठ्ठ्यामागून काउंटरखाली. तिचं टोक पांढऱ्या डबीच्या तिसऱ्या तोंडात होतं. आम्ही इतक्या वेळा ती डबी हातात घेतली होती, दुसरी लावली तेव्हा तीही वायर इमानदारीने परत खोचली होती. मला वाटायचं मेकॅनिकची, त्याला वाटायचं माझी. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मेकॅनिक आला आणि त्याने पणती उघडून बघितली. आत टॉर्चचा बल्ब. तो म्हणाला, "यादीत हा दिसणार कसा? यादीत जो बोलतो त्याचं नाव येतं. हा बोलत नाही, नुसता पितो."

मग सगळं भराभर उलगडलं. बल्ब दिवसभर वीज ओढत होता. स्कॅनरचा लाल उजेड लागला की त्याची भर. दोन्ही मिळून त्या एका तोंडाची ताकद संपायची आणि डबीच क्षणभर झोपायची. एरवी ते कोणाला कळत नव्हतं, कारण लगेच जागी व्हायची. पण रांग असली की मी आधीच्या माणसाचं बिल छापत असतानाच पुढच्याचे पुडे फिरवायला घेई. नेमकं तेव्हा डबी झोपली की प्रिंटर सुटायचा, बिल अर्ध्यावर, मागची रांग तुंबलेली. चुकीचा ड्रायव्हर होता तोवर तर तो सगळ्या मशीनला घेऊन बसायचा. प्रिंटरला गर्दी कळत नव्हती. माझी घाई कळत होती.

वायर कोणी लावली ते विचारायला लागलं नाही, काकूंनीच काकांना सांगितलं. वीज गेली की दिवा विझायचा ते काकूंना सोसवेना. इन्व्हर्टरवर लावायला काकांची बंदी. तेव्हा पाऊस लागताना त्यांनी पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनला गाठलं आणि त्याने ही युक्ती काढली. दिवा इन्व्हर्टरवर नाही, कॉम्प्युटरवर आहे. नियमही मोडला नाही आणि दिवाही राहिला. नियमाला असली पळवाट काढावी तर आमच्या माणसांनीच.

मी काकांना म्हटलं, "दिवा काढून एक दिवस बघू. नाही अडकलं तर सिद्ध झालं."

काकू खुर्चीतून उठल्या. "दिव्याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण वातीचा कापूस हातात चुरगळला होता. "त्याचा फोन येईपर्यंत तर नाहीच."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे. देवाच्या दिव्यामुळे बिलं अडकतात म्हणून मी कोणाला सांगू?"

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू! चोर समोर दिसतोय आणि फाशी मला. मी तिथेच काहीतरी बोलले असते, पण मेकॅनिकने हळूच विचारलं, "दिवा नको काढूया. स्कॅनर काढला तर?"

स्वतःची वीज असलेली डबी कोल्हापूरहून मागवायची होती, तिला दोन दिवस. तेवढ्यात सिद्ध करायचं होतं. मी स्कॅनर काढून खणात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रत्येक पुड्याचा नंबर हाताने टाकत बसले. तेरा आकडी नंबर. उदबत्तीचा वेगळा, कापराचा वेगळा, आणि बाहेर मुंबईकरांची रांग. बोटं दुखायला लागली, मान आखडली. एका बिलात मी नारळाच्या जागी फिनेल चढवलं, ते पुसलं. पण छापायला टाकलेलं प्रत्येक बिल शेवटच्या ओळीपर्यंत उतरत होतं. कानात इअरफोन होता आणि कान शांत होता. त्या शांततेनेच मी जास्त कासावीस होत होते. आता होईल, आता होईल, असं प्रत्येक बिलाला. पाय तर थांबतच नव्हता. काकू समोर बसून होत्या. त्या दिवशी त्यांनी एकही वात वळली नाही. मी मान वर केली की त्या माझ्या डोक्यावरून वर बघत असायच्या.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं तेव्हा त्या काउंटरपाशी आल्या. पावसाळा लागल्यापासून पहिल्यांदाच इतक्या जवळ.

"आज एकदाही नाही मिणमिणला," त्या म्हणाल्या.

"नाही मिणमिणणार. स्कॅनर काढला होता."

"पण तूच बसली होतीस ना गो? सकाळपासून?"

"मीच. दुसरं कोण बसणार?"

त्यांनी काउंटरची कड धरली. "मला वाटायचं, तुझ्या हातचं आहे. तू कामाला हात लावलास की दिवा खाली जायचा. रोज. आणि मधेच तू ते बंद करायचीस तेव्हा तर विझायचाच. मी समोरून बघत होत्ये ना. तिकडे त्याचा फोन नाही, आणि इकडे तू बसलीस की दिवा विझतोय. ह्यांना मीच सांगितलं होतं, गणपतीनंतर हिला ठेवायची नाही."

म्हणजे माझा निकाल प्रिंटरवर लागणार नव्हताच. ड्रायव्हर बदलला, झाडू मारला, कानात आवाज ऐकले, त्याचा कशाचाच संबंध नव्हता. माझा खटला माझ्या पाठीमागे, माझ्या डोक्यावर चालला होता, आणि साक्षीदार समोर बसून वाती वळत होता. त्यांनी पहिल्याच दिवशी तोंड उघडून "दिवा मिणमिणतोय" एवढं सांगितलं असतं तर तासाभरात सगळं सापडलं असतं.

"मला का नाही बोललात?" मी विचारलं.

"असलं कोणी तोंडावर बोलतं का?" त्या म्हणाल्या. खरंच आश्चर्य वाटलं होतं त्यांना.

बोलतात. सासरी बोलले होते. माझं लग्न झालं त्याच महिन्यात दीर स्कूटरवरून पडला आणि त्याचा पाय गेला, तेव्हा सासूने चार बायकांसमोर माझ्या पायांकडे बोट दाखवलं होतं. मग सासऱ्यांची नोकरी गेली, तीही माझ्यामुळे. दीड वर्ष मी स्वतःलाही विचारत होते, खरंच असेल का. तिथे कोणी मेकॅनिक आला नाही. स्टुलावर चढून बघायला तिथे वायरच नव्हती.

हे मी काकूंना सांगितलं. रडून नाही, चिडून सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "काकू, मी बसले म्हणून दिवा खाली जात नव्हता. मी काम करत होते म्हणून जात होता."

त्यांनी माफी मागितली नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? ती राहील. आणि तो दिवा इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा, मला तुमचे नियम सांगू नका."

आतून काका म्हणाले, "बरं."

एवढंच. एका "बरं"ने मी सासरी जायची वाचले. डबी आली, दिव्याला वेगळी वीज मिळाली, स्कॅनर परत टुक टुक करायला लागला. गणपतीच्या आदल्या दिवशी रांग रस्त्यावर गेली होती आणि एक बिल अडकलं नाही. मुलाचा फोन अनंत चतुर्दशीनंतर कधीतरी आला. बोटीचं यंत्र बिघडून ती आडवाटेच्या बंदरात अडकली होती, माणसं सुखरूप होती. काकूंनी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले आणि मला दोन दिले.

मी पेढे खाल्ले. राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. ज्या संध्याकाळी तो राग आला, त्या संध्याकाळी मी स्वतःच्या पायांकडे बघून 'खरंच असेल का' असं विचारायची थांबले.